तेलातलं पाणी, सेलमधला ड्रिफ्ट : साठ वर्षांचा मागोवा

1962 मध्ये पोफळीच्या भूमिगत वीजगृहात कोयनेचं पहिलं जनित्र फिरू लागलं. धरण सातारा जिल्ह्यात असलं तरी वीज तयार होऊ लागली ती रत्नागिरी जिल्ह्याच्या हद्दीत. पुढे अलोऱ्याचं वीजगृह आलं, 1999 मध्ये दाभोळचा प्रकल्प सुरू झाला, 2010-11 मध्ये जयगडचं औष्णिक केंद्र उभं राहिलं आणि 2022 मध्ये कोकण रेल्वेचं विद्युतीकरण पूर्ण झालं. या प्रत्येक टप्प्याबरोबर जिल्ह्यात मोठमोठे ट्रान्स्फॉर्मर आले आणि त्यांच्या टाक्यांत हजारो लिटर खनिज तेल आलं. ते तेल कोरडं ठेवायचं, तेही वर्षाला 3000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या किनाऱ्यावर, हे इथल्या माणसांचं कायमचं काम होऊन बसलं. तेलातला ओलावा मोजण्याची पद्धत या साठ वर्षांत पार बदलली. चूक शिरण्याची जागाही बदलली, आणि तिच्याकडे अजून पुरेसं लक्ष जात नाही असं मला वाटतं.

सुरुवातीच्या काळात तेल परीक्षानळीत तापवून तडतड ऐकायची, ही साधी चाचणी होती. तडतडलं तर पाणी आहे. शेजारी ब्रेकडाउन व्होल्टेजचा संच असे. 2.5 मिलिमीटर अंतरावरच्या दोन इलेक्ट्रोडांमध्ये तेल किती किलोव्होल्टला दगा देतं ते त्यावर कळे. दोन्ही चाचण्या खऱ्या होत्या, पण त्यांना दिसायचं ते मोकळं किंवा जवळजवळ मोकळं झालेलं पाणी. तेलात पूर्ण विरघळलेलं थोडं पाणी त्यांच्या नजरेतून निसटायचं. हवा थंड झाली की तेच पाणी बाहेर पडायचं, आणि आधीच ओलं झालेलं कागदी इन्सुलेशन तर त्याहून उशिरा लक्षात यायचं.

विरघळलेलं पाणी मोजण्याची वाट कार्ल फिशर या जर्मन रसायनतज्ज्ञाने 1935 मध्येच दाखवून ठेवली होती. सल्फर डायऑक्साइड आणि एक अल्क सोबत असताना आयोडीन पाण्याशी ठरलेल्या प्रमाणात अभिक्रिया करतं, हा त्याचा पाया. अडचण होती पिरिडिनची. त्याच्या उग्र वासामुळे हे काम फ्यूम हूडखालीच करावं लागे आणि ब्युरेटमधलं द्रावणही दिवसागणिक कमजोर होत जाई. 1959 मध्ये मायर आणि बॉइड यांनी आयोडीन ब्युरेटमधून न घालता सेलमध्येच विजेने तयार करण्याची रीत मांडली. 1980 च्या दशकात पिरिडिनची जागा इमिडॅझोलने घेतली. विद्युतरोधक द्रवांसाठीचं आयईसी 60814 हे मानक आज याच कुलोमेट्रिक पद्धतीवर उभं आहे.

या पद्धतीत कुठलंही द्रावण मापावं लागत नाही, मोजायची ती फक्त वीज. एक मिलिग्रॅम पाण्याला 10.71 कुलोम लागतात, हा हिशेब निसर्गानेच ठरवून दिलेला आहे. म्हणूनच यंत्राच्या पडद्यावरचा आकडा पाहून विश्वास बसतो. पण यंत्र पाणी ओळखत नाही. सेलमध्ये जे काही आयोडीन खाईल, ते सगळं त्याच्या लेखी पाणीच. नमुना घातलेला नसतानाही सेल थोडं थोडं आयोडीन खर्च करत राहतो, कारण सेप्टममधून, काचेच्या सांध्यांतून आणि सुकवणीच्या नळीतून ओलावा आत झिरपत असतो. दर मिनिटाला होणारा हा खर्च मायक्रोग्रॅम पाण्यात मोजला की त्याला ड्रिफ्ट म्हणतात.

एरवी क्षुल्लक वाटणारा हा खर्च तेलाच्या बाबतीत का नडतो, ते आकड्यांतच दिसतं. 15 पीपीएम पाणी असलेल्या 10 ग्रॅम तेलात एकूण पाणी असतं 150 मायक्रोग्रॅम. आता जुलैमधल्या आपल्या हवेचा विचार करा. 30 अंश तापमान आणि 85 टक्के आर्द्रता असेल, तर त्या हवेच्या एका मिलिलिटरमध्ये सुमारे 26 मायक्रोग्रॅम पाणी असतं. म्हणजे सिरिंजमध्ये राहिलेला एक मिलिलिटरचा बुडबुडा तेलाबरोबर सेलमध्ये गेला, तर उत्तरात सुमारे सातवा हिस्सा हवेचाच. एअर कंडिशनर चालू असलेल्या खोलीत हा त्रास कमी होतो, संपत नाही. म्हणून सिरिंज तेलानेच दोन-तीनदा विसळायची, सुई वर करून बुडबुडा पूर्ण बाहेर काढायचा, आणि घातलेल्या तेलाचं वजन सिरिंज आधी व नंतर तोलून फरकाने काढायचं.

ड्रिफ्टची वजाबाकी आजची यंत्रं आपोआप करतात. सुरुवातीचा ड्रिफ्ट घ्यायचा, टायट्रेशनला लागलेल्या मिनिटांनी गुणायचा आणि एकूण पाण्यातून वजा करायचा. यात एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली असते : ड्रिफ्ट शेवटपर्यंत तेवढाच राहिला. पावसाळ्यात नेमकं तेच होत नाही.

एक उदाहरण सविस्तर पाहू. 220 केव्ही ट्रान्स्फॉर्मरचं तेल आहे, नमुना 10 ग्रॅम, वेळ तीन मिनिटं. यंत्राने एकूण 176 मायक्रोग्रॅम मोजले. सुरुवातीचा ड्रिफ्ट मिनिटाला 5 होता, म्हणून 15 वजा झाले आणि 161 उरले. उत्तर 16.1 पीपीएम. आयईसी 60422 च्या 2013 च्या आवृत्तीप्रमाणे 170 केव्हीच्या वरच्या ट्रान्स्फॉर्मरसाठी 15 पीपीएमच्या आतलं तेल चांगलं, 15 ते 20 मधलं मध्यम. म्हणजे हे तेल मध्यम गटात गेलं. आता तोच नमुना 5 ग्रॅम घेऊन करा, वेळ तेवढाच. वजाबाकीनंतर 91 मायक्रोग्रॅम आले, म्हणजे 18.2 पीपीएम. एकाच सिरिंजमधलं तेल निम्मं घेतल्याने जास्त ओलं कसं होईल? दोन्ही वेळा कुठलं तरी ठरावीक पाणी वरून मिसळतंय, आणि नमुना लहान असला की ते जास्त ठळक दिसतं. दोन्ही मोजण्यांतला फरक घ्या : 161 वजा 91, म्हणजे 70 मायक्रोग्रॅम, आणि हे 5 ग्रॅम तेलाचं. खरं उत्तर 14.0 पीपीएमच्या आसपास आहे, तेल चांगल्या गटातलं आहे. दोन्ही मोजण्यांत वरचे 21 मायक्रोग्रॅम सेलचे किंवा सुईच्या वाटेचे. टायट्रेशन संपल्यावर ड्रिफ्ट पुन्हा वाचला आणि तो 5 च्या जागी 19 दिसला, तर कारण समोर आलंच : सरासरी 12 धरली तर तीन मिनिटांचे 36 वजा व्हायला हवे होते, झाले फक्त 15.

मात्र ही सरासरी केवळ निदानासाठी वापरायची. तिच्यावरून दुरुस्त केलेला आकडा अहवालात लिहायचा नाही. सेल स्थिर करून मोजणी पुन्हा करायची.

याच्या उलट दिशेची चूक मला जास्त धोक्याची वाटते. सकाळी नवं रिएजंट भरलं आणि ड्रिफ्ट अजून 30 वरून खाली येत असतानाच नमुना घातला, असं समजू. चार मिनिटांत यंत्राने 270 मायक्रोग्रॅम मोजले आणि 120 वजा केले. 10 ग्रॅमला उत्तर आलं 15.0 पीपीएम. पण त्या चार मिनिटांत ड्रिफ्ट 8 पर्यंत उतरला होता, म्हणजे प्रत्यक्ष वजावट 76 च्या जवळपास हवी होती आणि उत्तर 19 च्या पुढे. जास्त दाखवणाऱ्या चुकीने तेल विनाकारण फिल्टर होतं, पैसे जातात. कमी दाखवणाऱ्या चुकीने ओला ट्रान्स्फॉर्मर तसाच भारावर राहतो. म्हणून ड्रिफ्ट 3 आहे की 8, यापेक्षा तो पाच-दहा मिनिटं एका जागी ठरलाय का, हे आधी पाहावं.

ड्रिफ्ट वाढला की कारण शोधण्याचीही एक रीत आहे. सेल उचलून हलकेच तिरका करून फिरवायचा, म्हणजे आतल्या भिंतींवरचा ओलावा द्रावणात येतो. ड्रिफ्ट एकदम चढून मग पहिल्यापेक्षा खाली उतरला, तर ओलावा भिंतीवर होता. काहीच फरक पडला नाही, तर बाहेरून गळती आहे. मग सेप्टम बदला, सांध्यांना ग्रीस लावा आणि सुकवणीच्या नळीतली मॉलिक्युलर सीव्ह पाहा. आपल्याकडे आगोटीला भरलेली सीव्ह आषाढ संपेपर्यंत टिकेल असं धरून चालू नये. पडदा असलेल्या सेलमध्ये आतल्या कॅथोडच्या कप्प्यातली पातळी बाहेरच्या द्रावणापेक्षा थोडी खाली हवी, नाही तर आतला ओलावा उलट बाहेर येतो.

ड्रिफ्ट नमुना घातल्यावरच चढत असेल आणि बराच वेळ उतरत नसेल, तर दोष सेलचा नाही, तेलाचा आहे. खनिज तेल मिथेनॉलच्या रिएजंटमध्ये नीट विरघळत नाही. चार-सहा नमुन्यांनंतर वर दुधाळ थर जमतो आणि त्यातलं पाणी सावकाश सुटत राहतं. हेक्झॅनॉलसारखा लांब साखळीचा अल्कोहोल किंवा झायलीन मिसळलेलं रिएजंट वापरलं की हे कमी होतं. नाही तर ढवळणी थांबवून थर बसू द्यायचा आणि वरचं तेल ओढून काढायचं. वर्षानुवर्षं भारावर तापलेल्या तेलात कीटोन आणि आल्डिहाइड तयार झालेले असतात. ते मिथेनॉलशी अभिक्रिया करून सेलमध्येच नवं पाणी तयार करतात. अशा तेलासाठी मिथेनॉलविरहित रिएजंट तरी घ्यावं, नाही तर ओव्हनमध्ये तेल तापवून फक्त वाफ कोरड्या वायूबरोबर सेलमध्ये आणावी.

सीलबंद अँप्युलमधलं 100 पीपीएमचं प्रमाणित द्रावण प्रयोगशाळा वापरतात. एक ग्रॅम घातलं की 100 मायक्रोग्रॅम यायला हवेत, आणि या पातळीला दहा टक्क्यांच्या आतला फरक चालतो. पण ते द्रावण रिएजंटमध्ये लगेच मिसळून जातं. त्यामुळे सेल आणि सुई ठीक आहेत एवढंच ते सांगतं. तेलाचा थर किंवा जुन्या तेलातले कीटोन याबद्दल ते गप्पच असतं. त्यासाठी 5 आणि 10 ग्रॅमची जोडी लागते, आणि नमुन्यानंतर पुन्हा वाचलेला ड्रिफ्ट लागतो.

जिल्ह्यातल्या उपकेंद्रांतून, कारखान्यांतून नमुने पाठवणाऱ्या अभियंत्यांना एवढीच विनंती : यंदाच्या पावसाळ्यात अहवाल मागवताना पीपीएमच्या रकान्याशेजारी आणखी तीन रकाने मागा. नमुन्याचं वजन, सुरुवातीचा ड्रिफ्ट आणि शेवटचा ड्रिफ्ट. शेवटचे दोन आकडे जुळत नसतील, तर फिल्टर मशीन बोलावण्याआधी चाचणी पुन्हा करायला सांगा.