वित्तीय अहवालाचा अनुवाद : शब्द जुळले, आकड्यांचे काय?

परदेशी संस्थेचे अर्थसाहाय्य लाभलेल्या शेतकरी उत्पादक कंपनीचा वार्षिक अहवाल बहुधा इंग्रजीत तयार होतो व सभासदांसाठी त्याचा मराठी अनुवाद केला जातो. अनुवादकाचे लक्ष शब्दांवर असते. आकडे जसेच्या तसे उतरवले जातात. गफलत होते ती तेथेच.

उदाहरणादाखल एक काल्पनिक अहवाल घेता येईल. तक्त्याच्या शिरोभागी ‘रक्कम दशलक्ष रुपयांत’ असे असून सोयाबीन विक्रीचे उत्पन्न ४८.६ दाखवले आहे. ‘दशलक्ष’ हा शब्द अचूक खरा. पण बाजार समितीत त्या मापाने कोणी हिशेब करत नाही. एक दशलक्ष म्हणजे दहा लाख, म्हणून ही रक्कम ४८६ लाख, अर्थात ४ कोटी ८६ लाख रुपये होते आणि अंकांत ती ४,८६,००,००० अशी लिहावी लागते. अनुवादकाने शिरोलेखात ‘लाख’ केले, पण आकडा ४८.६ च ठेवला, तर उत्पन्न एकदम दहा पटींनी घटते. सर्वच रकमा त्याच प्रमाणात घटत असल्याने बेरजा मात्र बिनचूक जुळतात, म्हणून ही चूक ताळा करूनही सापडत नाही. ती पकडण्यासाठी तक्त्याबाहेरचा आकडा हवा. त्याच अहवालात १,०८० मेट्रिक टन, म्हणजे १०,८०० क्विंटल सोयाबीन विकल्याची नोंद आहे. ४ कोटी ८६ लाखांना त्याने भागले असता क्विंटलला ४,५०० रुपये दर येतो. ४८.६ लाखांना भागले तर ४५० रुपये; या भावाने सोयाबीन कोण विकणार?

तारखेची चूक याहून सूक्ष्म असते. अमेरिकी पद्धतीत महिना आधी येतो. तेथील ‘०३/०४/२०२४’ म्हणजे ४ मार्च. मराठी वाचक ती ३ एप्रिल समजतो आणि २०२३-२४ मधील अनुदानाचा हप्ता २०२४-२५ मध्ये जाऊन बसतो. त्याच अहवालात ‘०३/२८/२०२४’ यासारखी तारीख आढळली, तर पद्धत कोणती याचा उलगडा होतो, कारण अठ्ठाविसावा महिना नसतो. अनुवादात महिना अक्षरी लिहावा. अनुदानाचे डॉलर अनुवादाच्या दिवसाच्या दराने रुपयांत बदलू नयेत. हिशेबवहीत नोंदलेली रुपयांतील रक्कमच द्यावी. तसेच कंसातील आकडा म्हणजे तोटा अथवा वजावट हा लेखापालांचा संकेत सभासदांना ठाऊक नसतो. तेथे सरळ ‘तोटा’ लिहिणे बरे.

उत्पादकतेचा आकडा हेक्टरी २.२ टन असल्यास तो २२ क्विंटल होतो. एका हेक्टरमध्ये सुमारे २.४७ एकर असल्याने एकरी उतारा ८.९ क्विंटल पडतो. तो ८.९०७ असा लिहिणे म्हणजे मूळ मोजणीत नसलेली अचूकता दाखवणे होय. हेक्टरी आकडाही शेजारी ठेवावा, म्हणजे मूळ अहवालाशी पडताळणी करता येते.