व्ह्यूजची सपाट रेघ कशी वाचावी

मराठी पाककृतींचं एक यूट्यूब चॅनेल आहे असं समजू. आठवड्याला एक व्हिडिओ आणि सहा महिने महिन्याला साधारण २० हजार व्ह्यूज. आकडा चढत नाही, उतरतही नाही. चालवणारीला प्रश्न पडतो, दहा मिनिटांच्या सविस्तर कृती सोडून शॉर्ट्सकडे वळावं, की आहे तेच नेटानं चालू ठेवावं?

या आकड्यावरून ते ठरवूच नये, असं माझं ठाम मत आहे, कारण तो बेरजेचा आकडा आहे. त्यातले १५ हजार दोन वर्षांपूर्वीच्या पुरणपोळीच्या व्हिडिओचे असू शकतात, लोक शोधत आले म्हणून मिळालेले. ते हळूहळू ओसरत असतील आणि नवे व्हिडिओ तेवढेच वाढत असतील, तरी बेरीज सपाटच राहते. अशा वेळी घडी मोडणं म्हणजे वाढीलाच हात लावणं. म्हणून यूट्यूब स्टुडिओतून प्रत्येक नव्या व्हिडिओचे पहिल्या २८ दिवसांतले व्ह्यूज वेगळे मांडावेत. परत येणारे प्रेक्षक वाढताहेत का, हेही तिथेच दिसतं.

समजा, नवे व्हिडिओही खरोखरच जागच्या जागी आहेत. मग प्रेक्षक किती वेळ टिकतात त्याचा आलेख उघडावा. शंभरातले साठ जण पहिल्या ३० सेकंदांत गेले आणि उरलेले बहुतेक शेवटपर्यंत थांबले, तर सविस्तर कृतीत खोट नाही. लांबलेलं स्वागत आणि साहित्याची यादी लोकांना घालवते आहे. तयार पदार्थ आणि त्यातली अवघड पायरी आधी दाखवून बघावी. गळती मात्र अख्ख्या व्हिडिओभर, प्रत्येक पदार्थाला सारखीच होत असेल, तर मांडणी बदलण्याला खरं कारण आहे.

तिसरी शक्यता अशी, की आलेले टिकतात, पण क्लिकच कमी होतात. तेव्हा थंबनेल आणि शीर्षक बदलावं, व्हिडिओला हात लावू नये. यूट्यूबच्या म्हणण्यानुसार निम्म्या चॅनेलांचा क्लिकचा दर २ ते १० टक्क्यांच्या दरम्यान असतो. व्हिडिओ अनोळखी लोकांपुढे जाऊ लागला की हा दर घसरतोच, त्यामुळे नुसत्या घसरणीनं घाबरू नये.

बदल एका वेळी एकच करावा आणि आठेक व्हिडिओ तोच ठेवावा. मग नव्या आणि जुन्या आठांचे आकडे चढत्या क्रमानं लावून मधले तुलनेला घ्यावेत. एखादा व्हिडिओ गाजला तर सरासरी फसवते. दिवाळीतल्या चकलीची तुलना मागच्या दिवाळीशी करावी, श्रावणाशी नव्हे.

शॉर्ट्सबाबत एक खबरदारी घ्यावी. ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट सुरू झालं किंवा पुन्हा फिरलं, की तेवढ्यानंही व्ह्यू मोजला जातो. त्यामुळे तिथले हजारो व्ह्यूज लांब व्हिडिओच्या व्ह्यूजशेजारी मांडून बदल यशस्वी झाला असं म्हणता येत नाही. शॉर्ट पाहून किती जण पूर्ण कृतीकडे आले, ते पाहावं.