एकतर बंद, नाहीतर किमान 116 मेगावॅट

चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्रात दोन संच 210 मेगावॅटचे आहेत आणि पाच 500 मेगावॅटचे. 210 मेगावॅटचा संच हवा तेव्हा 50 मेगावॅटवर चालवता येईल, असं आपल्याला सहज वाटतं. ते जमत नाही. संच बंद ठेवता येतो, पण चालवायचा असेल तर एका मर्यादेच्या खाली नेता येत नाही.

कारण बॉयलरमध्ये आहे. कोळशाची बारीक पूड हवेबरोबर आत फुंकली जाते आणि ती हवेतच पेटत राहावी लागते. पूड कमी झाली की ज्योत डळमळते आणि ती टिकवायला तेल जाळावं लागतं. ज्योत विझली तर संच ‘ट्रिप’ होतो. म्हणून प्रत्येक संचाला ‘तांत्रिक किमान भार’ ठरवून दिलेला असतो. केंद्रीय वीज नियामक आयोगाने केंद्राच्या अखत्यारीतल्या कोळसा संचांसाठी 2016 मध्ये तो क्षमतेच्या 55 टक्के ठरवला. या हिशोबाने 210 चा संच साधारण 116 मेगावॅटच्या खाली उतरत नाही आणि 500 चा संच 275 च्या खाली.

म्हणजे लहान संचाची निर्मिती एकतर शून्य असते, नाहीतर 116 ते 210 च्या दरम्यान. 1 ते 115 हे आकडे त्याच्या वाट्याला येतच नाहीत. गणितात अशा राशीला अर्धसंतत चल म्हणतात. कोणता संच किती चालवायचा हे संगणकाकडून ठरवून घ्यायचं, तर मधली ही दरी त्याला कळली पाहिजे. ‘0 ते 210’ म्हटलं तर तो 50 देऊन मोकळा होईल, आणि ‘116 ते 210’ म्हटलं तर संच बंद करण्याची वाटच उरणार नाही.

यावरचा उपाय एका ओळीचा आहे. संचाची निर्मिती x माना आणि सोबत y नावाचा एक स्विच घ्या. त्याची किंमत फक्त 0 किंवा 1 असू शकते.

```
116·y ≤ x ≤ 210·y
```

y = 1 ठेवला की x ला 116 ते 210 मध्येच राहावं लागतं. y = 0 ठेवला की दोन्ही टोकं शून्यावर येतात आणि x ला शून्याशिवाय जागा उरत नाही.

हा स्विच निर्णय कसा बदलतो ते एका हिशोबात पाहू. दर सोयीसाठी धरलेले आहेत. 500 च्या संचाची वीज 3 रुपये युनिट, 210 च्या जुन्या संचाची 4 रुपये, आणि बाजारातून घ्यायची तर 5 रुपये. गरज तासाभरासाठी 550 मेगावॅटची आहे, आणि एक मेगावॅट तासभर म्हणजे 1,000 युनिट.

किमान भार विसरून हिशोब केला तर उत्तर सरळ आहे. मोठा संच पूर्ण 500 वर, लहान संच 50 वर, खर्च 17 लाख. बाजाराकडे बघायचीही गरज नाही, कारण 4 रुपये 5 पेक्षा कमीच. पण 50 वर संच चालत नाही. मग हिशोबनीस म्हणेल, त्याला 116 वर न्या आणि मोठ्या संचाला 434 वर खाली आणा. स्वस्त संच आवरून महाग संच चालवायचा हा प्रकार 17 लाख 66 हजारांना पडतो.

आता लहान संच बंदच ठेवा आणि उरलेले 50 मेगावॅट बाजारातून घ्या. खर्च 15 लाख अधिक अडीच लाख, म्हणजे साडेसतरा लाख. सर्वांत महाग वीज घेऊन एकूण खर्च 16 हजारांनी कमी झाला! बाजारभाव 5 रुपये 32 पैशांच्या वर गेला की निर्णय फिरतो आणि लहान संच पुन्हा फायद्याचा ठरतो. वरकरणी उलटे वाटणारे असे निर्णय केवळ दरांची यादी पाहून सापडत नाहीत. आधी किमान भाराविना उत्तर काढायचं आणि मग आकडे वर ढकलायचे, ही पद्धतही म्हणूनच फसते.

संगणक हे उत्तर शोधताना आधी y ला 0 आणि 1 च्या मधली किंमतही घेऊ देतो. तेव्हा 17 लाखांचं अशक्य उत्तर मिळतं. ते वापरता येत नसलं तरी त्यातून एक पक्की गोष्ट कळते: खर्च याहून खाली जाणार नाही. मग तो दोन फांद्या करतो. एका फांदीत y = 0, तिथे 17.50 लाख. दुसरीत y = 1, तिथे 17.66 लाख. पहिली जिंकते. आयल्सा लँड आणि ॲलिसन डॉइग या दोघींनी 1960 मध्ये मांडलेली ही रीत आजच्या व्यावसायिक सॉफ्टवेअरच्याही गाभ्याशी आहे. संच शेकड्याने असले की फांद्या अफाट होतात, पण ज्या फांदीची खालची मर्यादाच हातातल्या उत्तरापेक्षा महाग आहे ती न उघडताच सोडून देता येते.

ही एक ओळ लिहिताना दोन चुका वारंवार होतात. पहिली म्हणजे उजवीकडचा y गाळणं. मग y शून्य ठेवूनही x ला 0 ते 210 मोकळं रान मिळतं, नियम पार नाहीसा होतो आणि संगणक तक्रारही करत नाही. दुसरी चूक अधिक लपलेली असते. खरी कमाल मर्यादा शोधण्याचा कंटाळा करून 210 च्या जागी दहा लाख असा भलामोठा आकडा टाकला जातो आणि 210 ची मर्यादा वेगळी लिहिली जाते. कागदावर अर्थ तोच राहतो. पण बऱ्याच सॉफ्टवेअरना 0.00001 एवढा y शून्यच वाटतो, कारण तेवढी सूट त्यांच्यात मुळातच ठेवलेली असते. दहा लाख गुणिले 0.00001 म्हणजे 10. ‘बंद’ संचातून 10 मेगावॅट वीज निघू लागते, आणि तीही संच चालवण्याचा ठोक खर्च न भरता. पकडायची खूण एकच: उत्तरात y शून्य असून x शून्य नसलेल्या ओळी शोधा. 210 हाच आकडा ठेवला तर हीच सूट फार तर 0.0021 मेगावॅटची होते, आणि मधल्या पायरीवरचा अंदाजही वास्तवाच्या जवळ राहतो.

एका तासापुरता हा स्विच पुरतो, दिवसभरासाठी नाही. दुपारी सौरऊर्जा भरपूर असते, म्हणून संच ‘झिरो शेड्युल’वर टाकावा असं त्या तासाचा हिशोब सांगेल. पण थंड पडलेला बॉयलर पुन्हा तापवून वीज द्यायला कित्येक तास लागतात आणि संध्याकाळी दिवे लागले की तोच संच हवा असतो. म्हणून प्रत्येक तासाचा y आधीच्या आणि पुढच्या तासांच्या y शी बांधावा लागतो, आणि 0 वरून 1 वर जाण्याचा खर्च वेगळा मोजावा लागतो. दुपारी तोट्यात दिसणारा संच किमान भारावर धरून ठेवणं मग शहाणपणाचं ठरू शकतं.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने 2023 च्या नियमांत कोळसा संचांना टप्प्याटप्प्याने 40 टक्क्यांपर्यंत उतरण्याचं लक्ष्य दिलं आहे, ते याच दुपारींसाठी. आपल्या उदाहरणात 116 च्या जागी 84 आणि 275 च्या जागी 200 घाला. लहान संच 84 वर, मोठा 466 वर, खर्च 17 लाख 34 हजार. बाजाराचा पर्याय आता मागे पडला आणि y पुन्हा 1 झाला. आणखी एक फरक पडतो. आधी या दोन संचांतून 250 मेगावॅट कोणत्याही जुळणीने निघत नव्हते, कारण लहान संच 210 ला थांबायचा आणि मोठा 275 ला सुरू व्हायचा. आता ते निघतात. मात्र इतक्या कमी भारावर दर युनिटला कोळसा जास्त जळतो, म्हणजे 4 रुपये हा दर 84 वर 4 राहत नाही. तो साधारण 4 रुपये 19 पैशांच्या वर गेला तर 16 हजारांचा हा फायदा संपतो आणि संच बंद ठेवणंच पुन्हा स्वस्त पडतं.