किमान आणि कमाल : साठ्याचे दोन आकडे

‘किमान-कमाल साठा’ या संज्ञेतील ‘किमान’ हा शब्द काहीसा फसवा आहे. साठा या आकड्याखाली कधीच जाऊ नये, असा त्याचा अर्थ नाही. साठा तिथवर उतरला की नवी मागणी नोंदवावी, एवढेच तो सांगतो. माल येईपर्यंत साठा त्याखाली जाणारच. ‘कमाल’ म्हणजे मागणी नोंदवताना साठा जिथवर भरून काढायचा, तो आकडा.

तालुक्याच्या गावातील वह्यांचे दुकान उदाहरणादाखल घेऊ. तेथे रोज सरासरी १० डझन वह्या खपतात, दुकान वर्षातून ३०० दिवस उघडे असते आणि शहरातून माल येण्यास ४ दिवस लागतात. या ४ दिवसांत सरासरी ४० डझन खपतील. म्हणून किमान ४० धरावे काय? तसे केल्यास जवळजवळ निम्म्या वेळा माल येण्यापूर्वीच वह्या संपतील. जुन्या नोंदींत ४ दिवसांचा खप क्वचितच ५५ च्या वर गेलेला दिसत असेल, तर किमान ५५ ठेवावे.

कमाल आकडा मात्र मुख्यतः टेम्पोच्या भाड्यावरून ठरतो. दर खेपेला भाडे ६०० रुपये. वह्या १० डझन आणा की ३०० डझन. थोडा थोडा माल आणल्यास भाडे वाढते, एकदम आणल्यास पैसा अडकतो. एक डझन वर्षभर ठेवण्याचा खर्च ४० रुपये मानू. वर्षाचा खप ३००० आणि भाडे ६०० यांच्या गुणाकाराची दुप्पट करून तिला ४० ने भागले, तर ९०,००० येतात. त्यांचे वर्गमूळ ३००. म्हणून कमाल ३५५. हे ३०० काटेकोर पाळण्याची गरज नाही. ४०० डझन आणले, तरी भाडे व साठवण यांचा एकत्रित वार्षिक खर्च १२,००० वरून १२,५०० रुपयेच होतो. किमान आकड्यातील चूक मात्र गिऱ्हाइकाला रिकाम्या हाताने परत पाठवते.

आता समजा, साठा ६० असताना एका शाळेने एकदम २५ डझन नेल्या. उरल्या ३५. मागणी ठरावीक ३०० ची न करता ३२० ची करावी लागेल. आणि ५५ ऐवजी ३५ डझनांवर ४ दिवस काढावे लागतील. अशी मोठी गिऱ्हाइके वारंवार येत असतील, तर किमान वाढवावे. जूनच्या गर्दीसाठी तर दोन्ही आकडे नव्याने काढावे लागतात.

अखेरची बाब हिशेबाची. साठा मोजताना फळीवरच्या मालात वाटेवरचा मालही मिळवावा. तो विसरल्यास दुसऱ्या दिवशी साठा पुन्हा ५५ च्या खाली दिसतो आणि तीच मागणी दोनदा जाते. फळीवर कधी ३५५ पेक्षा अधिक डझन आढळले, तर प्रथम मागणीवही उघडून हेच तपासावे.