हजेरीची वही आणि उष्माघात

उन्हाळ्यात बाहेर राबणाऱ्यांसाठीचं हे भाषण आहे. बांधकामावरचे बिगारी, रस्त्यावर डांबर टाकणारे, वीटभट्टीवरचे, शेतातले आणि हमालीचं काम करणारे असे सगळेच त्यात आले. त्याहून जास्त ते मुकादमांसाठी आणि ठेकेदारांसाठी आहे, कारण उष्माघात टाळायचं पहिलं हत्यार त्यांच्या हातात असतं. ते हत्यार म्हणजे हजेरीची वही. ते कसं, हे आज आपण पाहू.

आधी एक प्रसंग डोळ्यांसमोर आणू. चंद्रपुरातली एक साइट, मे महिना, स्लॅबचं काम. पंचविशीतला एक धडधाकट गडी घमेली वाहतोय. अख्खा एप्रिल त्यानं याच साइटवर काढला आणि त्याला काही झालं नाही. मग बहिणीच्या लग्नासाठी बारा दिवस गावी गेला. लग्नघरात सावली होती, पंखा होता, जागरणं झाली. आज परत आलाय आणि पहिल्याच दिवशी सकाळपासून पूर्ण काम करतोय. साडेतीनच्या सुमाराला तो चिडल्यासारखा बोलायला लागतो. फळीवर त्याचा पाय चुकतो. मुकादम विचारतो, "काय रे, जेवलास का?" तर उत्तर भलतंच येतं. अंग घामानं निथळतंय. मुकादमाला वाटतं, लग्नातली अजून उतरली नाही वाटतं याची.

ही दारू नाही, हा उष्माघात आहे. आणि तो आजच का झाला, याचं उत्तर त्या बारा दिवसांच्या सुट्टीत आहे.

शरीरात काय घडतं ते थोडक्यात समजून घेऊ. स्नायू काम करतात तेव्हा खर्च झालेल्या ऊर्जेचा मोठा भाग, निम्म्याहून कितीतरी जास्त, उष्णतेच्या रूपानं बाहेर पडतो. म्हणजे घमेलं वाहणाऱ्या माणसाच्या आतच एक भट्टी पेटलेली असते. थंडीत ती उष्णता कातडीवाटे हवेत निघून जाते. पण हवाच कातडीपेक्षा गरम झाली की उलट तीच आपल्याला तापवते. मग एकच वाट उरते, ती म्हणजे घाम. त्यातही नुसता गळून पडणारा घाम उपयोगाचा नाही, तो अंगावर वाळला तरच गारवा येतो. म्हणून कोकणात, मुंबईत पारा कमी असूनही दमट दिवस धोक्याचा ठरतो. हवामान खातं उष्णतेच्या लाटेचा विचार मैदानी भागात ४० अंशांपासून करतं, पण किनारपट्टीवर ३७ पासूनच, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. शरीर उन्हाला सरावतं. रोज उन्हात काम केलं की एक-दोन आठवड्यांत बदल होतात. रक्तातला पाण्याचा भाग वाढतो, घाम लवकर सुटतो आणि जास्त येतो, त्यातलं मीठ कमी होतं, त्याच कामाला हृदय कमी धडधडतं. पण ही कमाई टिकाऊ नसते. आठवडाभर उन्हापासून लांब राहिलं की ती ओसरू लागते. आपल्या गड्याची बारा दिवसांत बरीचशी ओसरली होती. एप्रिलमधला तो आणि आजचा तो, उन्हाच्या हिशेबानं दोन वेगळी माणसं आहेत. त्याला मात्र ते जाणवत नाही, कारण ताकद तीच आहे आणि कामही तेच आहे.

अमेरिकेत कामगारांच्या सुरक्षिततेचं खातं उन्हानं झालेल्या मृत्यूंची नोंद ठेवतं. त्यांचं म्हणणं असं, की असे जवळजवळ निम्मे मृत्यू कामाच्या अगदी पहिल्या दिवशी होतात आणि सत्तर टक्क्यांहून जास्त पहिल्या आठवड्यात. म्हणजे कोण माणूस कामावर कधी रुजू झाला, ही तारीख पाऱ्याइतकीच महत्त्वाची. आणि ती तारीख हजेरीच्या वहीत असते.

त्यावरून एक साधा नियम निघतो. अगदी नवीन माणसाला पहिल्या दिवशी उन्हातल्या कामाचा पाचवा हिस्साच द्यायचा आणि रोज तेवढाच वाढवायचा. आठ तासांच्या पाळीत हिशेब केला तर पहिल्या दिवशी उन्हात दीड तास, दुसऱ्या दिवशी तीन, तिसऱ्या दिवशी पाच, चौथ्या दिवशी साडेसहा, पाचव्या दिवशी पूर्ण. जुना पण सुट्टीवरून आलेला असेल तर पहिल्या दिवशी निम्मं, म्हणजे चार तास. दुसऱ्या दिवशी पाच, तिसऱ्या दिवशी साडेसहा, चौथ्या दिवशी पूर्ण. उरलेला वेळ घरी पाठवायचं नाही. सावलीत बसून करायची हलकी कामं साइटवर असतातच: खिळे काढणं, सळया बांधायच्या तारा तोडणं, सामान मोजून लावणं. जड काम सकाळच्या गार वेळेत ठेवायचं आणि दुपारी बारा ते चार टाळायचं, हे तर सगळ्यांसाठीच.

इथं खरी अडचण मजुरीची आहे आणि ती झाकून चालणार नाही. निम्मं काम म्हणजे निम्मी हजेरी असं मुकादमानं लावलं, तर लग्नात पैसे खर्चून आलेला माणूस "मला काही होत नाही, दादा" म्हणत घमेलं उचलणारच. नगावर मजुरी असेल तिथं तर तो दमलाय हेही सांगणार नाही. म्हणून हा नियम पूर्ण हजेरीसकटच चालतो. ठेकेदाराच्या हिशेबात हा दोन-तीन दिवसांचा थोडा तोटा आहे. माणूस पडला की काम थांबतं, पोलीस येतात, घर उघड्यावर पडतं. त्यापुढे हा तोटा काहीच नाही.

पाण्याचंही असंच आहे. तहान लागेपर्यंत थांबलं तर उशीर होतो. उन्हात जड काम करताना दर पंधरा-वीस मिनिटांनी एक पेला पाणी, असं तासाला पाऊण ते एक लिटर. एका तासात दीड लिटरच्या वर मात्र नको, कारण नुसतं पाणी फार झालं की रक्तातलं मीठ पातळ होतं आणि तोही जिवावरचा प्रकार असतो. भाकरी-भाजी वेळेवर पोटात असेल तर मीठ जेवणातून मिळतं. मिठाचं ताक, पन्हं चांगलंच. मिठाच्या गोळ्या गिळू नयेत. लघवी गडद पिवळी आणि थोडी होत असेल तर पाणी कमी पडतंय असं समजावं. बायकांच्या बाबतीत एक गोष्ट आम्ही नेहमी विचारतो, साइटवर आडोसा आहे का? संडासाची सोय नसली की बाया दिवसभर पाणीच पीत नाहीत. तिथं नुसता माठ भरून ठेवून भागत नाही.

खिशातला कांदा उष्माघात टाळत नाही. सुती सैल कपडे आणि डोक्याला ओला गमछा यांनी उन्हाचा मारा कमी होतो. पण सराव नसलेल्या माणसानं जड काम केलं तर यातलं काहीच पुरेसं नाही. सराव झालेल्यालाही तो कवच नव्हे. उलट त्याला घाम जास्त येतो, म्हणून पाणीही जास्त लागतं. आदल्या रात्रीची दारू, ताप, जुलाब आणि रक्तदाबावरच्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्या यांनी धोका वाढतो. अशा गोळ्या चालू असतील तर त्या मनानं बंद करू नयेत, उन्हाळ्याआधी डॉक्टरांना विचारावं.

आता परत आपल्या गड्याकडे येऊ. तो अजून उभा आहे, पण बरळतोय. पुष्कळांना वाटतं, उष्माघातात अंग कोरडं पडतं. म्हाताऱ्या माणसांत बरेचदा तसं होतं. राबणारा माणूस मात्र घामानं ओलाचिंब असतानाही उष्माघातात असू शकतो. खूण घामात शोधायची नाही, डोक्यात शोधायची. नुसता दमलेला माणूस चक्कर आली तरी नाव, गाव, वार नीट सांगतो. त्याला सावलीत आडवं करा, पाणी पाजा, तो अर्ध्या तासात सावरतो. उन्हात काम करणारा जो चुकीची उत्तरं देतो, झोकांड्या खातो, आकडी देतो किंवा बेशुद्ध होतो, तो उष्माघात धरूनच चालायचं. काखेतल्या थर्मामीटरवर विसंबू नका, ओल्या कातडीवर तो कमी दाखवतो.

अशा वेळी १०८ ला फोन करायचा आणि गाडी येण्याची वाट न पाहता त्याला गार करायला लागायचं. आतलं तापमान ४० अंशांच्या वर गेलेलं असतं आणि मेंदू, यकृत, मूत्रपिंड किती वाचणार, हे ते किती मिनिटं तसंच राहतं यावर ठरतं. पहिल्या अर्ध्या तासात ते उतरवलं तर माणूस सहसा वाचतो. म्हणून आधी गार करा, मग हलवा.

साइटवर यासाठी लागणारं सगळं असतं. सावलीत ताडपत्री पसरा, बूट आणि जाड कपडे काढा, त्याला मधोमध झोपवा. चौघांनी कडा उचलून धरल्या की ताडपत्रीची खोळ होते. त्यात ड्रममधलं पाणी ओता, रसवंतीवरून किंवा कारखान्यातून बर्फ मिळाला तर फोडून टाका आणि पाणी हलवत राहा. एकानं डोकं पाण्याच्या वर धरून बसायचं, हे काम दुसरं काही न करता. बर्फ नसेल तर डोक्यापासून पायापर्यंत सतत पाणी ओता आणि पुठ्ठ्यानं किंवा पंख्यानं वारा घाला. साधारण पंधरा-वीस मिनिटं, किंवा तो नीट उत्तरं देऊ लागेपर्यंत. गाडीतही ओले कपडे आणि वारा चालू ठेवायचा.

शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका, ते छातीत जाईल. उलटी आली तर कुशीवर वळवा. तापाची गोळी देऊ नका. हा ताप नव्हे, त्यामुळे ती गोळी इथं लागू पडत नाही. श्वासच थांबला असेल तर छाती दाबायला सुरुवात करा. आणि तो शुद्धीवर येऊन "मी बरा आहे" म्हणाला तरी दवाखान्यात न्याच. यकृत आणि मूत्रपिंडाची इजा एक-दोन दिवसांनीही उघडी पडते.

तर मुकादमभाऊ, उद्या सकाळी हजेरी घेताना वहीत प्रत्येक नावापुढे एक रकाना जास्तीचा आखा: उन्हातला कितवा दिवस. आठवडाभर गैरहजर राहून आलेल्याच्या पुढे पुन्हा 'एक' लिहायचं, तो कितीही जुना असला तरी. ज्याच्या नावापुढे एक ते चार आकडा आहे, त्याला एक जोडीदार नेमून द्या आणि दर तासाला त्या जोडीदाराला विचारा, "हा नीट बोलतोय ना?"