मागे न जाणारे बोट

१९६९ च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियातल्या बर्कलीमध्ये जेम्स मॉरिस सीडीसी ६४०० या संगणकासाठी मजकूर संपादित करण्याचा प्रोग्रॅम लिहीत होते. त्यात एक सोय द्यायची होती: वापरणाऱ्याने शब्द सांगितला की फाइलमध्ये तो कुठे आहे हे प्रोग्रॅमने शोधून दाखवायचे. शब्द शोधणे सोपे होते, पण शोधताना मागे फिरावे लागायचे आणि तिथे घोडे अडले. फाइल तुकड्यातुकड्यांनी मेमरीत यायची. चार अक्षरे जुळली आणि पाचवे चुकले की थोडे मागे जाऊन पुन्हा सुरुवात करायची. तोवर आधीचा तुकडा मेमरीतून गेलेला असला तर पंचाईत. मागचे तुकडे सांभाळून ठेवायचे तर कामाचा पसारा वाढणार. मॉरिस यांना अशी रीत हवी होती, की मजकुरात मागे जायची वेळच येऊ नये.

मागे जाण्याची ही गरज कुठून येते, ते एका छोट्या उदाहरणात दिसते. समजा ‘टपटपत’ हा शब्द शोधायचा आहे. ज्या अक्षरओळीत तो शोधायचा ती अशी आहे. तिच्या अर्थाकडे पाहायचे नाही, फक्त अक्षरांचा क्रम पाहायचा:

```
क्रमांक  १  २  ३  ४  ५  ६  ७  ८  ९  १०
मजकूर   ट  प  क  ट  प  ट  प  ट  प  त
```

साधी रीत अशी. शब्द पहिल्या जागेपाशी लावायचा आणि एकेक अक्षर ताडून पाहायचे. ‘ट’ जुळला, ‘प’ जुळला, तिसऱ्या जागी ‘ट’ हवा होता पण ‘क’ निघाला. मग शब्द एक घर पुढे सरकवायचा आणि पुन्हा पहिल्यापासून ताडायला लागायचे. दुसऱ्या आणि तिसऱ्या जागी पहिलेच अक्षर चुकते. चौथ्या जागेपासून मात्र गाडी छान धावते: ट, प, ट, प अशी चार अक्षरे जुळतात. आठव्या जागी ‘त’ हवा असतो आणि समोर येतो ‘ट’. झाले, शब्द पुन्हा एक घर पुढे, आणि मजकुरावर ठेवलेले बोट आठव्या अक्षरावरून पाचव्यावर मागे. पाचव्या जागी काही जुळत नाही. सहाव्या जागी शब्द लावल्यावर तो पुरता सापडतो. एकूण तुलना झाल्या १६.

इथे वाया काय गेले? चौथ्यापासून सातव्या जागेपर्यंत ‘टपटप’ आहे हे एकदा कळलेले होते. तरीही पाचव्या जागी ‘ट’ आहे का, सहाव्या जागी ‘ट’ आहे का, असे प्रश्न पुन्हा विचारले गेले. त्यांची उत्तरे मजकुरात नव्याने शोधण्याची गरजच नव्हती. जेवढी अक्षरे जुळली, तेवढी तंतोतंत शोधायच्या शब्दाचीच अक्षरे असतात. म्हणून ती उत्तरे त्या शब्दातच दडलेली असतात, आणि मजकूर उघडण्याआधीच काढून ठेवता येतात.

ती काढून ठेवण्याची जागा म्हणजे फेल्युअर टेबल, अर्थात माघारीचा तक्ता. शब्दाच्या प्रत्येक अक्षरापाशी थांबून एकच गोष्ट विचारायची: इथवरच्या तुकड्याची सुरुवात आणि त्याच तुकड्याचा शेवट यांत जास्तीत जास्त किती अक्षरे सारखी आहेत? अख्खा तुकडा स्वतःशी सारखा असतोच, तो धरायचा नाही.

```
शब्द    ट  प  ट  प  त
तक्ता   ०  ०  १  २  ०
```

‘टप’ या तुकड्याची सुरुवात ‘ट’ने होते आणि शेवट ‘प’ने, म्हणून शून्य. ‘टपट’ सुरू होतो ‘ट’ने आणि संपतोही ‘ट’ने, म्हणून एक. ‘टपटप’च्या दोन्ही टोकांना ‘टप’ आहे, म्हणून दोन. ‘त’ आल्यावर सगळे साम्य मोडते आणि पुन्हा शून्य.

आता हा तक्ता हाताशी ठेवून तीच अक्षरओळ पुन्हा तपासू. पहिली दोन अक्षरे जुळतात, तिसऱ्यावर ‘क’ आडवा येतो. दोन अक्षरे जुळली होती, तक्ता त्यांच्यासाठी शून्य सांगतो. म्हणजे हाती काही उरले नाही. तोच ‘क’ शब्दाच्या पहिल्या अक्षराशी ताडला जातो, तिथेही जुळत नाही, आणि बोट पुढे जाते. चौथ्यापासून सातव्यापर्यंत चार अक्षरे जुळतात. आठव्या जागी ‘त’ऐवजी ‘ट’ येतो. जुळलेली अक्षरे चार, तक्ता म्हणतो दोन. याचा अर्थ असा, की नुकत्याच जुळलेल्या चार अक्षरांपैकी शेवटची दोन, म्हणजे सहाव्या-सातव्या जागेवरची ‘टप’, हीच शब्दाची सुरुवात मानून पुढे जाता येते. बोट आठव्या अक्षरावरून हलतही नाही. तोच ‘ट’ आता शब्दाच्या तिसऱ्या अक्षराशी ताडला जातो आणि जुळतो. मग ‘प’, मग ‘त’, आणि शब्द सापडला. तुलना १२.

१६ आणि १२ यांतला फरक पाहून कुणी हुरळून जाणार नाही. रोजच्या भाषेतल्या मजकुरात तो साधारण असाच किरकोळ असतो, कारण बहुतेक ठिकाणी पहिले किंवा दुसरे अक्षरच चुकते आणि साधी रीत फारशी मागे जात नाही. खरी कसोटी लागते ती पुनरावृत्तीत. समजा एक लाख वेळा नुसता ‘क’ लिहिलेला आहे, आणि शोधायचे आहेत ९९ ‘क’ व शेवटी एक ‘ख’. साधी रीत प्रत्येक जागी ९९ अक्षरे जुळवते आणि शंभराव्यावर आपटते. अशा ९९,९०१ जागा, म्हणजे जवळजवळ एक कोटी तुलना. तक्त्याच्या रीतीला त्याच कामाला दोन लाखांहून कमी तुलना लागतात, आणि तक्ता भरायला दोनशेच्या आत.

ही ओढूनताणून रचलेली ओळ वाटेल, पण निसर्गात तशी उदाहरणे आहेत. माणसाच्या गुणसूत्रांच्या टोकांना TTAGGG हा सहा अक्षरांचा तुकडा हजारो वेळा पाठोपाठ येतो. हा तुकडा पाच वेळा आणि त्यानंतर काही वेगळे अक्षर, असा क्रम तिथे शोधला तर दर सहाव्या जागी ३० अक्षरे जुळून पुढे घात होतो. तक्ता मात्र ३० पैकी २४ अक्षरे राखून ठेवतो.

तुलना दुपटीहून जास्त कधीच होत नाहीत, यामागचा हिशोब अगदी सरळ आहे. प्रत्येक तुलनेनंतर दोनपैकी एक गोष्ट घडते: बोट मजकुरात एक घर पुढे जाते, किंवा तक्ता पाहून जुळलेल्या अक्षरांची संख्या कमी होते. ही संख्या वाढते ती बोट पुढे गेल्यावरच, आणि तेही एका वेळी एकने. जेवढी जमा झाली त्यापेक्षा जास्त माघार घेता येणार नाही. म्हणून लाख अक्षरांत लाखभर पावले पुढे आणि फार तर लाखभर माघारी, यापलीकडे काम जात नाही.

तक्ता स्वतः भरतानाही हीच युक्ती चालते, आणि या रीतीतला सर्वांत देखणा भाग तो हाच. ‘टपटप’पर्यंत उत्तर दोन आले आहे, आता पाचवा ‘त’ आला. साम्य तीनवर न्यायचे तर ‘त’ हा शब्दाच्या तिसऱ्या अक्षराशी जुळायला हवा. तिथे ‘ट’ आहे, नाही जुळत. म्हणून आधीच भरलेल्या तक्त्यात दोन अक्षरांसाठी काय आहे ते पाहायचे: शून्य. मग ‘त’ पहिल्या अक्षराशी ताडायचा. तेही जुळत नाही, म्हणून शून्य लिहायचे. शब्द स्वतःलाच स्वतःत शोधतो, आणि त्यासाठी अर्धवट भरलेला तक्ताच वापरतो.

या रीतीतल्या चुका मात्र गुपचूप होतात. प्रोग्रॅम थांबत नाही, नुसते चुकीचे उत्तर देतो. ‘टपटपटक’ हा शब्द ‘टपटपटपटक’ या ओळीत तिसऱ्या जागेपासून आहे. पाच अक्षरे जुळल्यावर सहाव्यावर अडते. ‘टपटपट’च्या दोन्ही टोकांना ‘ट’ही आहे आणि ‘टपट’ही. तक्त्यात मोठे, म्हणजे तीन हेच उत्तर हवे. कुणी एक लिहिला तर शब्द चार घरे पुढे उडी मारतो आणि तिसऱ्या जागेवरचा सापडायचा राहून जातो. दुसरी नेहमीची चूक शब्द सापडल्यानंतर होते. ‘टपटपटप’मध्ये ‘टपटप’ दोनदा आहे, पहिल्या आणि तिसऱ्या जागेपासून. पहिला सापडल्यावर मोजणी शून्यावर आणली की दुसरा हातचा जातो. तिथेही तक्ता पाहून दोनवरच यायला हवे. असे एकमेकांवर चढलेले शब्द असलेली ओळ देऊन पाहिली की प्रोग्रॅमची ही चूक लगेच उघडी पडते.

मॉरिस यांच्या प्रोग्रॅमचे पुढे असेच काहीसे झाले. त्यांची मांडणी इतकी गुंतागुंतीची होती, की तिथल्या इतर प्रोग्रॅमरांना ती कळेना. काही महिन्यांनी मॉरिस यांनी पाहिले तर कुणीतरी ती ‘दुरुस्त’ करून तिची पार मोडतोड केली होती. त्याच सुमारास स्टॅनफर्डमध्ये डोनाल्ड क्नूथ अगदी वेगळ्या वाटेने तिथेच पोहोचले. स्टीफन कूक यांनी काल्पनिक यंत्रांविषयी सिद्ध केलेल्या एका प्रमेयावरून असे निघत होते, की अशी जलद रीत असलीच पाहिजे. क्नूथ यांनी त्या प्रमेयाचा माग काढत ती रीत शोधली. वॉन प्रॅट यांनी तीत सुधारणा केली, जेणेकरून वर्णमालेत किती अक्षरे आहेत यावर वेग अवलंबून राहू नये. तिघांचा एकत्रित लेख १९७७ साली ‘सियाम जर्नल ऑन कम्प्युटिंग’मध्ये आला आणि तिघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून ही रीत केएमपी म्हणून ओळखली जाऊ लागली. रशियन गणिती युरी मातियासेविच यांनाही ती स्वतंत्रपणे सुचली होती.

त्याच १९७७ साली रॉबर्ट बॉयर आणि जे मूर यांनी शब्द शेवटच्या अक्षराकडून ताडण्याची रीत प्रसिद्ध केली. तीत मजकुरातली कितीतरी अक्षरे न पाहताच ओलांडता येतात, त्यामुळे साध्या लिखाणात ती बहुधा केएमपीच्या पुढे असते. पण तिला पुढची काही अक्षरे आधीच हाती लागतात. नेटवर्कवरून एकेक अक्षर येत असेल आणि आलेले साठवून ठेवायचे नसेल, तर माघारीचा तक्ताच कामाचा. अनेक शब्द एकाच फेरीत शोधायचे असतील तर आल्फ्रेड एहो आणि मार्गारेट कोरासिक यांनी १९७५ मध्ये मांडलेली रीत वापरतात. तीत हीच माघार एका शब्दातून दुसऱ्या शब्दातही घेता येते.

मराठीत शोधणाऱ्याने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. यांपैकी कोणतीही रीत पडद्यावरचा आकार पाहत नाही, ती साठवलेली चिन्हे ताडते. ‘कि’ ही संगणकात दोन चिन्हे असतात, ‘क’ आणि वेलांटी. ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ’ तर कधी एका चिन्हाने साठवलेला असतो, कधी ‘र’ आणि त्याखालचा नुक्ता अशा दोन चिन्हांनी. दिसायला दोन्ही हुबेहूब सारखे. शोधायचा शब्द एका प्रकारे टाइप केलेला आणि मजकूर दुसऱ्या प्रकारे, असे झाले तर डोळ्यांसमोर असलेला शब्दही ‘सापडला नाही’ असे उत्तर येते. म्हणून आधी दोन्हीकडची चिन्हे एकाच प्रकारात आणून घ्यायची आणि मग तक्ता भरायला बसायचे.