तक्रार वर जाते, तेव्हा तिच्यासोबत काय जातं?

समजा, ऑनलाइन दुकानातून चौदा हजारांचा फोन आला आणि त्यावर पलीकडच्याचा आवाजच ऐकू येईना. तक्रार घेणाऱ्या मुलीने ग्राहकाला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला पाठवलं. तिथे *#06# दाबल्यावर दिसलेला आयएमईआय क्रमांक बिलावरच्या क्रमांकाशी जुळेना. गोदामात पॅकिंग करताना शेजारचा खोका स्कॅन झाला होता. सर्व्हिस सेंटरने फोन हातात घ्यायला नकार दिला.

आता ही तक्रार त्या मुलीच्या हातातली राहिली नाही. तिला बिल दुरुस्त करता येत नाही, गोदामाला आदेश देता येत नाही. रोज दहा ऑर्डरी होत्या तेव्हा मालक स्वतः बघायचे. दोनशे झाल्यावर ते शक्य नाही. म्हणून तक्रार वर नेण्याची पायरी ठरवावी लागते आणि त्या पायरीवरच्या माणसाला अधिकार द्यावे लागतात: बिल बदलायचा, ठरावीक रकमेपर्यंत कुणाला न विचारता फोन बदलून द्यायचा किंवा पैसे परत करायचा. अधिकार नसेल, तर ग्राहकाला दिलगिरी सांगणारा फक्त आणखी एक आवाज मिळतो.

तक्रारीसोबत तिची हकीकतही वर गेली पाहिजे. बिलाची प्रत, *#06# चा फोटो, सर्व्हिस सेंटरने काय सांगितलं, हे सगळं एकाच तक्रार क्रमांकाखाली हवं. ग्राहकाला तेच चौथ्यांदा सांगायला लावणं मला अन्यायाचं वाटतं. आणि तक्रार वर गेली तरी ग्राहकाला कळवत राहण्याची जबाबदारी पहिल्याच मुलीकडे ठेवावी.

तक्रार वर कधी न्यायची, हे ग्राहकाच्या चढ्या आवाजावर नव्हे, घड्याळावर ठरावं. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात तिचं निवारण करायचं. हा महिना तक्रार मिळाल्यापासून मोजला जातो. म्हणून पहिल्या पायरीला एक दिवस, दुसरीला तीन दिवस दिले, तर त्या अधिकाऱ्याच्या हातात पुरेसा वेळ उरतो.

इथेच एक खोट शिरते. मुदत संपत आली की कुणीतरी तक्रार ‘निकाली’ काढतं. ग्राहक पुन्हा लिहितो, नवा क्रमांक पडतो, घड्याळ शून्यावर येतं आणि महिन्याचा अहवाल देखणा दिसतो. हे पकडायचं तर ऑर्डर क्रमांकाने शोधावं. एकाच ऑर्डरवर दोन-तीन बंद तक्रारी दिसल्या, तर मुदत पहिलीपासून मोजावी.

फुगलेली बॅटरी, धूर, चटका यांना मात्र पायऱ्याच नकोत. पहिल्याच फोनवर ‘चार्जिंगला लावू नका, कुरियरनेही पाठवू नका’ असं सांगून तक्रार थेट सगळ्यात वरच्या माणसाकडे द्यावी. नेहमीच्या सवयीने ‘परत पाठवा’ म्हटलं, तर ती बॅटरी वाटेत कुरियरच्या गाडीत पेट घेऊ शकते.